चौकटीच्या उजव्या कडेला

त्याला सगळे ओळंबा म्हणत. बाप गवंडी होता. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे पाहायला गवंडी दोऱ्याला वजन बांधून वरून सोडतात, तो ओळंबा. बापाची थापी, करणी, घमेलं यातलं काहीच मुलानं हाती धरलं नाही, पण ओळंबा मात्र उचलून आणला आणि स्टुडिओतल्या आपल्या मॉनिटरशेजारी खिळ्याला टांगून ठेवला. रोज सकाळी आल्या आल्या तो मॉनिटरची कड त्या दोऱ्याशी जुळवून बघायचा. टेबलच कललेलं असलं तर पडद्यावर सरळ केलेलं काय कामाचं, असा त्याचा सवाल होता. खरं तर त्यानं काही बिघडत नसतं, पण हे त्याला सांगायला कोण जाणार.

स्टुडिओ चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या माळ्यावर होता. जिना चढताना खळीचा आणि चामड्याचा वास सोबत यायचा. वर दोन खोल्या. एकीत लोक पासपोर्टचे फोटो काढून घ्यायला स्टुलावर अवघडून बसायचे. दुसरीच्या खिडकीला काळा कागद लावलेला, तिथे ओळंब्याचं राज्य. लग्नं, दुकानांच्या जाहिराती, शाळांची संमेलनं, आणि हल्ली हल्ली सहलींचे व्हिडिओ. जो तो कपाळाला नाहीतर छातीला कॅमेरा बांधून फिरायला जातो आणि परत आला की सगळा कचरा स्टुडिओत आणून ओततो, असं मालकांचं मत. मालक गोड माणूस, पण कामाच्या बाबतीत अंगाला तोशीस लावून घ्यायचा नाही. सहलीचा व्हिडिओ दुसऱ्यांदा कोण बघतं, वर गाणं लावा आणि द्या, हा त्यांचा धंद्याचा मंत्र.

ओळंब्याला ते जमायचं नाही. तिरकं दिसलं की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. एकदा दात काढून घ्यायला गेला, तर तोंडात कापसाचे बोळे असताना खुर्चीतून उठला आणि डॉक्टरांच्या मागे टांगलेलं त्यांचं प्रमाणपत्र सरळ करून परत येऊन बसला. डॉक्टर बघतच राहिले. बायको म्हणायची, आमच्या घरात तिरकं राहायची परवानगी एकट्या माझ्या जिभेला आहे. आणि ती परवानगी ती मन लावून वापरायची.

अशा या माणसाकडे एका दुपारी काकू आल्या.

काकू साठीच्या पुढच्या. अंगानं बारीक, साडीचा पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेली कॅमेऱ्याची चिप. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. भिंतीच्या कडेला उभ्या राहून, कुणाची तरी तक्रार करायला आल्यासारख्या हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचे यजमान लिफ्टचे मेकॅनिक. सारा जन्म लोकांना वर-खाली नेण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याच कानात काहीतरी बिघडलं. कानाच्या आतला तोल गेला. आधी अधूनमधून, मग वरचेवर. घरदार गरगर फिरतं, ओकाऱ्या होतात, माणूस उजव्या अंगाला कोसळतो. औषधानं फरक होता, पण बस, गाडी, बोट यांचं नाव काढायची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन येणं हाच मोठा प्रवास. मग काकूही घरात. अशी काही वर्षं गेल्यावर काकांच्या धाकट्या बहिणीनं यंदा हट्टच धरला. चार दिवस समुद्रावर जाऊ, वहिनीला मी घेऊन जाते, दादाकडे माझा नवरा राहील. काकू नाही नाही म्हणत होत्या. काकांनीच त्यांची पिशवी भरून दारात ठेवली.

"मी एकाच बोलीवर गेले," काकू म्हणाल्या. "सगळं दाखवायला घेऊन येईन, म्हणजे दोघांनी बघितल्यासारखं होईल. नणंदबाईंनी भाच्याचा तो छातीला बांधायचा कॅमेरा आणला होता. परत येऊन व्हिडिओ टीव्हीवर लावला, तर मिनिटभरात हे डोळे मिटून बसले. चक्कर यायला लागली. तीनदा बघायचा प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, राहू दे, तूच सांग तोंडानं."

तोंडानं काय समुद्र सांगता येतो, असं त्या पुढे पुटपुटल्या. आणि नणंदबाई आता डोंगरावर जायचं ठरवतेय, पण मी नाही म्हणून सांगितलंय, हेही त्यांनी सांगितलं. आपण एकटीनंच मजा मारायची आणि यांनी भिंतीकडे बघत बसायचं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. व्हिडिओ यांना बघता आला असता तर गोष्ट वेगळी होती.

ओळंब्यानं चिप लावली. पडद्यावर वाळू आली, मग समुद्र आला, आणि ओळंब्यालाही क्षणभर खुर्ची धरावीशी वाटली.

एक तर छातीचा पट्टा एका बाजूनं सैल राहिला असणार, कारण सगळं जग एकाच अंगाला कललेलं. सगळा समुद्र एका कोपऱ्यातून सांडून जाईल असा. दुसरं, त्या कॅमेऱ्याचं भिंग फार रुंद बघणारं. असं भिंग सगळं सामावून घेतं खरं, पण सरळ रेघांना फुगवतं. चौकटीच्या बरोबर मधून जाणारी रेघ तेवढी सरळ राहते. क्षितिज मधल्याहून वर गेलं की त्याची कमान होते, खाली आलं की तेच खोलगट होऊन हसायला लागतं. नणंदबाई तुरुतुरु चालणाऱ्या. दर पावलाला कॅमेरा वर-खाली, आणि दर पावलाला समुद्राची कमान होतेय, झोका होतोय, पुन्हा कमान. ज्याचा कान धड नाही त्याला यानं चक्कर आली नसती तरच नवल.

"करून देतो," ओळंबा म्हणाला. "काकांना म्हणावं, समुद्र सुतासारखा सरळ करून पाठवतो."

मालकांनी नाक मुरडलं. लग्नाचे तीन व्हिडिओ तुंबलेले, आणि हा सहलीतलं क्षितिज घासत बसणार. पण ओळंब्याला कधी नव्हे ते मनासारखं गिऱ्हाईक भेटलं होतं. आजवर सरळ क्षितिजाचं कौतुक कुणी केलं नव्हतं. लोकांना नवरीचा गाल गोरा दिसण्याशी मतलब. आणि इथे एक माणूस होता, ज्याला जग सरळ असणं औषधासारखं हवं होतं.

तो कामाला लागला. आधी भिंगाचा फुगवटा काढायचा, मगच कल काढायचा, हा क्रम त्यानं कधी चुकवला नाही. फुगवटा भिंगाच्या मध्याभोवती असतो. आधी चित्र फिरवून सरकवलं तर तो मध्य हलतो आणि रेघा एकीकडे सरळ, दुसरीकडे वाकड्या होऊन बसतात. फुगवटा गेला. मग एकेका तुकड्यात जागोजागी खुणा करून चित्र कलाच्या उलट फिरवलं. जिथे समुद्र दिसत नव्हता तिथे दिव्याचे खांब धरले, तेही चौकटीच्या मधले. एका तुकड्यात खाडीचा काठ होता, त्याला मात्र त्यानं हात लावला नाही. लांब तिरका जाणारा काठ नजरेला कललेलाच दिसतो. त्याला क्षितिज समजून सरळ करायला गेलं की माणसं आडवी व्हायला लागतात. नवशिके तिथे हमखास फसतात. सगळ्यात शेवटी हिसके काढले.

आता चित्र फिरवलं की चौकटीच्या कोपऱ्यांत काळे त्रिकोण उघडे पडतात. आणि फुगवटा काढताना कडेची माणसं ताणली जातात. रेघ सरळ होते, पण कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खांदा दाराएवढा रुंद होतो, चेहरा कोपऱ्याकडे ओढला जातो. या दोन्ही दुखण्यांवर धंद्यात एकच उपाय: चित्र थोडं मोठं करायचं, म्हणजे कडा चौकटीबाहेर जातात. न राहे त्रिकोण, न राहे ताणलेलं कोणी. ओळंब्यानं तेच केलं आणि खुशीत येऊन मालकांना बोलावून दाखवलं. मालकसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहिले. समुद्र असा निवांत की त्यावर कप ठेवला तर चहा सांडला नसता.

काकू पेन ड्राइव्ह घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी परत आल्या. हातात पेढे वगैरे नसले तरी चेहरा फुललेला असेल असं ओळंब्याला वाटलं होतं. तसा तो नव्हता. यांनी सगळं बघितलं, त्या म्हणाल्या, अगदी शेवटपर्यंत. एकदाही डोळे मिटले नाहीत. छान आहे म्हणाले. त्या एडिटरांना माझा नमस्कार सांग म्हणाले.

ओळंबा नमस्कार घेऊन फुगला. मग डोंगराचं पक्कं का, असं त्यानं विचारलं.

"नाही हो. एकदा झालं ते पुरे." काकूंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "यांनी सगळं बघून झाल्यावर मला विचारलं, तू कुठे होतीस. मी म्हटलं, तिथेच होते की, बाजूला. तर म्हणाले, असशील. आणि आत जाऊन पडले. म्हणजे वाईट काही बोलले नाहीत. पण मलाच कसंतरी झालं. समुद्र काय, तो टीव्हीवर रोज दाखवतात."

त्या जिना उतरून गेल्या. ओळंबा मॉनिटरकडे वळला. मग त्यानं मूळ व्हिडिओ पडद्याच्या एका अर्ध्यात लावला, आपला दुसऱ्या अर्ध्यात, आणि दोन्ही बरोबर सोडले.

डावीकडे वाकडातिकडा समुद्र होता, आणि त्याच्या उजव्या कडेला काकू होत्या. वाळूवर चालताना उजव्या कडेला. बाजारातून जाताना उजव्या कडेला. शिंपल्यांच्या दुकानापुढे, दीपगृहाच्या पायऱ्यांवर, बोटीत, सगळीकडे काकू नणंदेच्या उजव्या अंगाला, चौकटीच्या अगदी काठावर. कधी अर्धा चेहरा, कधी पदर, कधी नुसता पुढे केलेला हात, पण बहुतेक वेळ अख्ख्या. आणि शेजारी त्याच्या सरळ, देखण्या समुद्रात कुणीसुद्धा नव्हतं. एका ठिकाणी काकूंच्या पांढऱ्या बाहीची कड राहिली होती, तर तीही तिथे चित्र आणखी थोडं मोठं करून त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. त्याला ते आठवलं. कडेला काहीतरी पांढरं वळवळतंय, घाण दिसतंय, असं म्हणाला होता तो मनात.

ज्या माणसासाठी हे केलं, त्याला या सगळ्या सहलीत बघायचं होतं ते एकच, आणि नेमकं तेच ओळंब्यानं कातरून टाकलं होतं. कुणी भिंत इतकी सरळ बांधावी की दारच ठेवायचं राहून जावं, तसला प्रकार. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, मग मूळ चित्र परत द्या, त्यात आहेत की काकू. पण मूळ चित्र काकांना बघवत नव्हतं. सरळ करावं तर काकू जातात, काकू ठेवाव्यात तर काकांना चक्कर येते. ओळंब्यानं दोन-तीन प्रकार करून पाहिले. फुगवटा पूर्ण काढून कडा तशाच ठेवल्या, तर काकू पैलवानासारख्या दिसायला लागल्या. कमी केला, तर क्षितिज पुन्हा थोडं वाकलं. किती वाकलेलं चालेल हे पुस्तकात थोडंच लिहिलेलं असतं. ते ज्याच्या डोक्यात चक्कर आहे त्यालाच विचारायला हवं.

म्हणून तो काकांच्या घरी गेला. काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी दार उघडायला बराच वेळ लावला. उंचापुरा माणूस, पण चालताना एक हात भिंतीवर. भिंतीला सगळ्या घरभर कमरेच्या उंचीवर स्टीलची गोल दांडी ठोकलेली, लिफ्टमध्ये असते तशी. मोडीत निघालेल्या लिफ्टची आहे, मीच बसवली, काकांनी सांगितलं. दांडी सरळ होती. ओळंब्यानं आत येता येता ते पाहून घेतलं आणि हा माणूस त्याला आवडला.

त्यानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तुम्हाला दाखवला त्या व्हिडिओतून काकूंना मीच काढलं, हेही सांगून टाकलं. काकांनी मान हलवली. रागावले नाहीत. मला वाटलं तिला आपलं थोबाड दाखवायचं नसेल, ते म्हणाले. आमचे लग्नातले सोडले तर सगळे फोटो असेच आहेत. ही एका कडेला, नाहीतर पिशव्या सांभाळत मागे.

मग ओळंब्यानं विचारलं की चक्कर येते म्हणजे नेमकं काय हललेलं चालत नाही. एक बोटीचा तुकडा होता, त्यावर त्याचं सगळं अडलं होतं. बोट स्थिर ठेवली तर मागे समुद्र डोलणार. समुद्र स्थिर ठेवला तर बोट आणि बोटीतली माणसं डोलणार. दोन्ही एकदम स्थिर करता येणार नव्हती.

काकांनी समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. "ती कडी दिसते? घर फिरायला लागलं की मी त्या कडीकडे बघत बसतो. ती जागेवर राहिली की मी वाचलो. भिंत हलली की मी गेलो." मग ते म्हणाले, "माणसं हलू द्या हो. माणसं हललेली मला चालतात."

ओळंबा उड्या मारत जिना उतरला. मालकांना त्यानं सांगून टाकलं की लग्नाचे व्हिडिओ एक दिवस थांबतील, आणि मालकांनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

या वेळी त्यानं सगळं उलट्या बाजूनं धरलं. आधी काकू, मग समुद्र. दर तुकड्यात काकू कुठे आहेत ते बघून ठेवलं. फुगवटा पूर्ण न काढता निम्म्याहून थोडा जास्त काढला, इतका की क्षितिजाची कमान आणि झोका नजरेला टोचू नये, आणि काकूंचा खांदा काकूंचाच राहावा. क्षितिज मधून जात होतं ते तुकडे लांब ठेवले, कारण तिथे मुळातच रेघ सरळ होती. पावलागणिक वर-खाली उसळणारे तुकडे छोटे केले. हिसकेही सगळे काढले नाहीत, कारण ते काढतानाही कडा खाल्ल्या जातात. मग कल काढला, आणि चित्र मोठं केलं नाही.

चित्र मोठं न केल्यामुळे कोपऱ्यांत काळे त्रिकोण उघडे पडलेच. पण त्यानं नीट बघितलं तर चित्र थोडंसं फिरवताना नुकसान होतं ते कोपऱ्यांचं. उजव्या कडेचा मधला भाग जवळपास जागच्या जागी राहतो, आणि काकू तिथेच होत्या. मग त्यानं चौकटीचे चारही कोपरे मोठे गोल केले आणि कडेला मऊ काळोख सोडला, म्हणजे मागे सरकणारे त्रिकोण दिसणार नाहीत आणि काकांच्या डोळ्याला एक न हलणारी खिडकी मिळेल. काकूंची पावलं कुठे कुठे काळोखात गेली, तेवढं त्यानं सोडून दिलं. बोटीच्या तुकड्यात त्यानं समुद्राला कडीसारखं जागेवर ठोकलं आणि बोटीला खुशाल डोलू दिलं.

दिसायला ते जुन्या काळच्या टीव्हीसारखं दिसत होतं. क्षितिज अगदी नाही म्हटलं तरी कणभर वाकलेलं होतं. शेवटी ओळंब्यानं खिळ्यावरच्या ओळंब्याकडे पाहिलं, बापाची क्षमा मागितली की काय कोण जाणे, आणि फाइल काढून घेतली.

रविवारी दुपारी तो स्वतःच घेऊन गेला. काकू चहा ठेवायला निघाल्या होत्या, काकांनी त्यांना बसवून घेतलं. काका खुर्चीत, काकू त्यांच्या उजव्या हाताला स्टुलावर. त्यांची ती रोजची जागा असावी, कारण बघायची गरज न पडता काकांचा हात त्यांच्या मनगटावर जाऊन पडला. ओळंबा मागे दाराशी उभा राहिला. काकांची मान जरा जरी ताठली तर बंद करायचं म्हणून रिमोट हातात धरून होता. नवरीच्या बापापुढे लग्नाचा व्हिडिओ लावतानाही तो कधी असा उभा राहिला नव्हता.

वाळू आली. समुद्र आला आणि जागेवर राहिला. उजव्या कडेला काकू चपला हातात घेऊन चालत होत्या.

काका बघत राहिले. बाजार झाला, दीपगृहाच्या पायऱ्या झाल्या. काकू कधी पुढे, कधी मागे, पण त्याच बाजूला. मान ताठली नाही. मग एकदम काका म्हणाले, "तिथेही उजवीकडेच?"

काकूंना आधी कळलं नाही. मग त्यांनी आपल्या मनगटावरच्या हाताकडे पाहिलं. काका पडतात ते उजव्या अंगाला. म्हणून इतकी वर्षं बाकापर्यंत जाताना काकू त्यांच्या उजवीकडून चालत आल्या होत्या, आणि समुद्रावर नणंदेबरोबर फिरताना, जिचे दोन्ही कान ठणठणीत होते, तिच्याही उजवीकडून चालत होत्या.

"सवय," काकू म्हणाल्या. "लक्षातच आलं नाही माझ्या."

मग बोट आली. समुद्राची रेघ पडद्यावर आखल्यासारखी, आणि तिच्यापुढे बोट, कठडा, माणसं, सगळं डोलतंय. काकूंनी दोन्ही हातांनी कठडा धरलेला. एक लाट आली आणि त्यांना डोक्यापासून भिजवून गेली. काकूंनी कठडा सोडला, दोन्ही हात वर केले आणि हसल्या. तोंडावर पदर धरून नाही. मोठ्यांदा, तोंड उघडून, कॅमेऱ्यात आवाज फाटेपर्यंत. स्टुलावरच्या काकू लाजून लाल झाल्या आणि ओळंब्याला म्हणाल्या, पुरे करा हो हे. ओळंब्यानं काकांकडे पाहिलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते चक्करेमुळे नव्हतं. परत लाव, त्यांनी खूण केली. ओळंब्यानं परत लावलं. मग आणखी एकदा. काकू डोलत होत्या, आणि काका त्यांच्याकडे बघत सरळ बसले होते.

व्हिडिओ संपला तरी काकांनी मनगट सोडलं नाही.

"पुढच्या वेळी जरा मधे उभी राहा," ते म्हणाले.

काकू त्यांच्याकडे वळल्या. "पुढच्या वेळी?"

"डोंगरावर जाताय ना तुम्ही? मला तू नीट दिसायला हवीस. आणि या माणसाला किती त्रास होतो बघ, तू अशी कडेला उभी राहिलीस की."

काकू उठून आत गेल्या, भांड्यांचा आवाज आला, बराच वेळ नळ वाहत राहिला. काका टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत होते. ओळंबा निघाला, तेव्हा काकू मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. डोळे पुसलेले होते आणि हातात छातीला बांधायचा तो पट्टा होता, बकलं लोंबणारा.

"हा दोन्ही बाजूंनी सारखा कसा घट्ट करायचा, ते तेवढं दाखवा," त्या म्हणाल्या. "नणंदबाईंना जमत नाही."